नऊ होल, 2 तास 15 मिनिटं : गोल्फ कोर्सवर उतरायची परवानगी मिळवताना

गोल्फ शिकायला लागल्यावर सगळे स्विंगबद्दल बोलतात. ग्रिप कशी धरायची, खांदा किती वळवायचा, डोकं कसं स्थिर ठेवायचं, हे सांगणारे शंभर जण भेटतात. मात्र मी पहिल्या परीक्षेत नापास झाले ती स्विंगमुळे नाही. माझा खेळ फार हळू होता आणि कोर्सवर मी मागे खुणा सोडत गेले. नागपुरात माझ्यासारखं चाळिशीनंतर गोल्फ सुरू करणारं कुणी असेल तर त्यांच्यासाठी हा सगळा प्रवास क्रमाने लिहून ठेवते आहे.

शहराबाहेरच्या एका नऊ होलच्या कोर्सवर मी शिकते. तिथे नवख्या माणसाला थेट मैदानात सोडत नाहीत. आधी प्रॅक्टिस रेंजवर दहा धडे, मग नियमांची लेखी परीक्षा, मग परीक्षकांसोबत नऊ होलची फेरी. तिन्ही झालं की कार्ड मिळतं आणि कार्ड असलं तरच रविवारी सकाळची वेळ बुक करता येते.

6 ऑक्टोबरला फॉर्म घेतला, 300 रुपये. दोन फोटो, आधारची प्रत आणि दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. पहिल्या खेपेला माझा फॉर्म परत आला, कारण सही करणाऱ्यांपैकी एकांनी आपला सभासद क्रमांक लिहिला नव्हता. तेवढ्यासाठी नऊ दिवस गेले. सह्या घेताना क्रमांक लिहून झालाय ना, हे तिथेच उभं राहून बघा. दहा धड्यांचे 7,000 रुपये झाले. दिरांचा जुना हाफ सेट मिळाल्यामुळे क्लबचा, म्हणजे खेळायच्या काठ्यांचा, खर्च वाचला.

लेखी परीक्षा 8 नोव्हेंबरला झाली. वीस प्रश्न, सोळा बरोबर यायला हवेत, माझे अठरा आले. हरवलेला बॉल शोधायला 3 मिनिटं मिळतात, आधी 5 होती, 2019 साली नियम बदलला, हे मी अचूक लिहिलं होतं. शॉट 40 सेकंदांच्या आत मारावा अशी नियमांचीच शिफारस आहे, हेही लिहिलं होतं. लिहिता आलं म्हणजे जमेल, असा माझा समज होता.

पहिली फेरी रविवारी, 30 नोव्हेंबरला. परीक्षेची फी 1,000 आणि बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या कॅडीचे 300. सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी आमच्या चौघांचा गट पहिल्या टीवरून, म्हणजे जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथून, निघाला. मी, माझ्याबरोबरच परीक्षा देणारा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आणि दोन अनुभवी सभासद, काका आणि ताई. परीक्षक सर खेळत नव्हते. हातात पॅड घेऊन सोबत चालत होते आणि प्रत्येक टीवर घड्याळ बघून काहीतरी टिपत होते.

तिसऱ्या होलवर, पार 4, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा असा, माझा ड्राइव्ह, टीवरचा पहिला फटका, उजवीकडे गवतात गेला. सापडेल असं वाटलं म्हणून मी तशीच पुढे निघाले. चौघं आणि दोन कॅडी मिळून आम्ही शोधत राहिलो. बॉल मिळाला नाही. नियमाप्रमाणे एक पेनल्टी घेऊन पुन्हा टीवरूनच मारायचं होतं, म्हणून मी टीपर्यंत मागे गेले, मारलं आणि परत आले. तोवर मागचा गट टीवर येऊन उभा होता. मी टीवर पोचले तेव्हा त्यांनी बाजूला होऊन मला जागा दिली. कुणी काही बोललं नाही, पण माझ्या हाताला घाम फुटला होता.

तिथून पुढे मी घाई करत राहिले. चालण्याऐवजी धावायला लागले, आणि दम लागलेला असताना मारलेले शॉट आणखी वाईट जायला लागले. सहाव्या होलच्या बंकरमध्ये, म्हणजे रेतीच्या खड्ड्यात, तीन फटके लागले. मागे वळून पाहिलं तर पुढच्या शॉटसाठी मागच्या गटातले लोक फेअरवेवर, म्हणजे टी आणि होलमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, थांबलेले. मी बंकरच्या उंच कडेवरून चढून बाहेर पडले. रेती सारखी केली नाही. सातव्या होलवर वेज या क्लबने गवत उडून झालेला खड्डा, डिव्हॉट, तसाच सोडला. 63 फटके झाले, आणि शेवटचा पट, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका, पडला तेव्हा 10 वाजून 5 मिनिटं झाली होती. म्हणजे 2 तास 55 मिनिटं.

परीक्षक सरांनी झाडाखाली बसवून तो कागद माझ्यापुढे ठेवला. या कोर्सचा हिशेब असा आहे : पार 3 ला 12 मिनिटं, पार 4 ला 15, पार 5 ला 18. दोन पार 3, पाच पार 4 आणि दोन पार 5 मिळून 135 मिनिटं होतात, म्हणजे 2 तास 15 मिनिटं. आमची 40 मिनिटं जास्त झाली होती. एकट्या तिसऱ्या होलवर 15 ऐवजी 24 गेली होती.

"सहाव्यावर रेक केला नाहीत, कारण घाई होती," ते म्हणाले. "पण घाईची वेळ तिसऱ्यावर आली. आणि रेक करायला अर्धा मिनिट लागतो. तुमची 40 मिनिटं त्या अर्ध्या मिनिटात गेलेली नाहीत. ती कुठे गेली ते शोधा, मग या."

शेऱ्यात दोन ओळी होत्या : वेग अपुरा, मैदानाची निगा अपुरी. सहा आठवड्यांनी पुन्हा.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वही घेऊन बसले, कारण सरांच्या शेवटच्या वाक्यात पत्ता होता.

यजमानांना मोबाइल घेऊन रेंजवर नेलं. माझ्या आधीच्या माणसाने मारल्यापासून मी मारेपर्यंतचा वेळ त्यांनी वीसेक शॉटना मोजला. सरासरी 62 सेकंद आली. प्रत्यक्ष स्विंग दोन सेकंदांचाही नसतो. बाकी वेळ खिशातून ग्लोव्ह काढून घालण्यात, अंतराचा अंदाज घेण्यात, सात नंबर की आठ नंबर या विचारात, बॅगेतून क्लब काढण्यात आणि दोन-तीनदा हवेत फिरवून बघण्यात जात होता. ही सगळी कामं मी माझी पाळी आल्यावर सुरू करत होते. शिफारस 40 सेकंदांची. म्हणजे दर फटक्याला वीसेक सेकंद जादा, आणि 63 फटक्यांना मिळून 21 मिनिटं. तिसऱ्या होलची 9 धरली तर 30 झाली. उरलेली दहा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आणि ग्रीनच्या आसपास गेली असणार.

ही दहा मिनिटं कुठे गेली ते मला कॅडीभाऊंनी दाखवलं. डिसेंबरात मी आठवड्यातून दोनदा, दुपारी कोर्स रिकामा असताना त्यांच्यासोबत चार-पाच होल चालायचे. "मॅडम, तुमी ब्याग कोन्या बाजूनं ठेवून राहिल्या?" त्यांनी विचारलं. मी ग्रीनच्या अलीकडे, जिथून आले तिथेच बॅग ठेवत होते. पट झाल्यावर बॅगेसाठी मागे यायचं, मग पुन्हा ग्रीन ओलांडून पुढच्या टीकडे जायचं. तेवढा वेळ मागच्या गटाला ग्रीनवर मारता येत नाही. बॅग पुढच्या टीच्या बाजूला ठेवायची आणि स्कोअर ग्रीनवर न लिहिता पुढच्या टीवर लिहायचा, एवढ्यानेच दर होलला मिनिटभर वाचतो. शिवाय 2019 पासून झेंडा होलमध्ये ठेवूनच पट करता येतो, त्याला पेनल्टी नाही. मी दरवेळी झेंडा काढायला कुणीतरी येण्याची वाट बघत होते.

आता रेडी गोल्फबद्दल, कारण मला ते सर्वांत उशिरा समजलं. जुनी पद्धत अशी की होलपासून जो लांब, तो आधी मारणार, आणि टीवर मागचा होल ज्याने जिंकला तो आधी. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे आपण जसे फटके मोजत खेळतो त्यात, जो तयार आहे त्याने मारावं, फक्त ते सुरक्षित हवं. नियमच याला परवानगी आणि उत्तेजन देतात. आमच्या गटात काकांचा ड्राइव्ह दोनशे मीटरच्या पुढे जातो, माझा जेमतेम एकशेवीस. पुढचा गट अजून फेअरवेवर असला तर काकांना थांबावंच लागतं. मग मानपान सांभाळत चौघांनी थांबायचं कशाला? मी आधी मारायचं, तोवर समोर मोकळं होतं.

मॅच प्लेमध्ये, म्हणजे दोघांच्या आमनेसामने सामन्यात, मात्र हे चालत नाही. तिथे पाळी मोडली तर समोरचा तुमचा शॉट रद्द करून पुन्हा मारायला लावू शकतो, आधी दोघांनी वेळ वाचवायला तसं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि तयार असणं म्हणजे समोर माणूस असताना मारणं नव्हे. एकदा सातव्या होलवर मी क्लब हातात घेऊन तयार होते आणि कॅडीभाऊंनी हाताने अडवलं. फेअरवेच्या वळणावर गवत कापायचं मशीन चालू होतं, मला ते दिसलंच नव्हतं. मशीनच्या आवाजात "फोर!" असा इशारा ओरडलेला ऐकू येत नाही. थांबलो, माळ्याने हात केला, मग मारलं.

निगा मी माळीकाकांकडून शिकले. एका दुपारी त्यांनी मला सातव्या होलवर नेलं, माझाच डिव्हॉट दाखवायला. दोन आठवडे झाले होते, खड्डा तसाच होता, कडा वाळलेल्या. माझी कल्पना अशी होती की उडालेला गवताचा तुकडा परत खड्ड्यात बसवला की झालं.

"हे हरळी हाय न मॅडम," ते म्हणाले. "वावरात काढता काढता जीव जाते, पन हितं तिचाच उपेग हाय. ते वरून नाई, बाजूनं चालत येते."

आपल्याकडच्या फेअरवेवर जे गवत असतं ते हरळीच, जिला परदेशात बर्म्युडा म्हणतात. वेजने काढलेला तिचा तुकडा बहुतेकदा भुगा होऊन उडतो. तो उचलून परत लावला तरी नागपूरच्या उन्हात दोन दिवसांत वाळतो. पावसाळ्यात मातीसकट, मुळांसकट अखंड तुकडा निघाला तर जरूर बसवावा आणि पायाने दाबावा. एरवी खड्डा रेतीच्या मिश्रणाने भरायचा, म्हणजे हरळीच्या वेली दोन्ही कडांनी त्या रेतीवरून सरकत येतात. रेती जमिनीच्या पातळीला ठेवायची. खोलगट राहिली तर पुढच्या माणसाचा बॉल त्यात अडकतो, आणि फेअरवेवरच्या डिव्हॉटमध्ये बॉल गेला तरी फुकट उचलायची सवलत नाही, आहे तसाच मारावा लागतो. ढीग झाला तर मशीनच्या पात्याला रेती लागते. माळीकाकांनी मला रेतीसाठी एक बाटली दिली, ती पहिल्या टीजवळच्या पेटीतून भरून घ्यायची. एक डिव्हॉट भरून पायाने सारखा करायला मला आठ-दहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात दुसरं कुणी मारत असतं.

ग्रीनवरची बॉलची खूण, पिच मार्क, मी चुकीची दुरुस्त करत होते. दोन दातांचा काटा खड्ड्याखाली घालून मी माती वर उचलत होते. वरून छान सपाट दिसतं, पण खाली मुळं तुटतात आणि चार दिवसांनी तिथे तपकिरी डाग पडतो. बरोबर पद्धत अशी : काटा खड्ड्याच्या कडेबाहेर खुपसायचा, कडेचं गवत मध्याकडे ढकलायचं, चारी बाजूंनी, आणि शेवटी पटरच्या तळाने हलकं थापायचं. काटा 200 रुपयांना मिळतो. डिसेंबरच्या सकाळी दवाने ग्रीन मऊ असतं, तेव्हा खुणा खोल पडतात. ग्रीनवर पोचल्या पोचल्या, दुसरं कुणी पट करत असताना त्याच्या नजरेच्या रेषेबाहेर राहून, आपली खूण शोधायची. त्याच्या बॉलपासून होलपर्यंतच्या वाटेवर पाय द्यायचा नाही.

बंकरमध्ये कन्हानची जाड रेती आहे. उंच कडेवरून मी चढले होते तिथली कड ढासळली होती, ती माळ्यांना पुन्हा बांधावी लागली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. शिरायचं नेहमी सखल बाजूने आणि बॉलला जवळ पडेल अशा जागेतून. रेक सोबत आत न्यायचा आणि हाताच्या अंतरावर ठेवायचा, नाहीतर मारल्यावर तो आणायला पुन्हा पाऊलखुणा पाडत जावं लागतं. बॉल बाहेर गेला की आधी क्लबने झालेला खड्डा भरायचा, मग ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे सरकत पावलं पुसत निघायचं. रेक दाबून ओढला तर सगळी रेती काठाला जमते, म्हणून हलक्या हाताने. बाहेर आल्यावर तो बॉलच्या वाटेत कमीत कमी येईल असा ठेवायचा. हे मी कॅडीभाऊंसमोर पंधरा-वीस वेळा केलं. शेवटी 35 सेकंदांवर आले.

दुसरी फेरी 11 जानेवारीला, पुन्हा रविवार. फी पुन्हा 1,000. धुकं होतं, बोटं गारठलेली. 7 वाजून 20 मिनिटांनी निघालो, गट तोच. ग्लोव्ह मी गाडीतच घातला होता. ज्यादा बॉल डाव्या खिशात, बाटली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात.

तिसऱ्या होलवर ड्राइव्ह पुन्हा उजवीकडे गेला. त्याच गवतात. यावेळी मी टी सोडली नाही. मी मोठ्याने म्हणाले, "प्रोव्हिजनल मारते." प्रोव्हिजनल म्हणजे पहिला सापडला नाही तर वापरायचा राखीव बॉल, आणि हे स्पष्ट सांगावंच लागतं. न सांगता दुसरा बॉल मारला तर तोच खेळातला बॉल होतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. दुसरा फेअरवेवर पडला. गवतापाशी पोचल्यावर काकांनी घड्याळ लावलं. तेवढ्यात ताई शोधायला न येता आपला शॉट मारून आल्या, कारण त्या तयार होत्या. तीन मिनिटं संपली, पहिला बॉल सोडला, प्रोव्हिजनलनेच पुढे खेळले. त्या होलला 17 मिनिटं लागली. मागचा गट तेव्हा नुकताच टीकडे येत होता.

पाचव्या पार 4 वर माझे आठ फटके झाले आणि मी बॉल उचलला. पारच्या दुप्पट झाले की नवख्याने उचलायचं, असा या कोर्सचा नियम आहे. पहिल्या वेळी मला उचलणं अपमानाचं वाटलं होतं. यावेळी उचलला आणि झेंड्याजवळ जाऊन उभी राहिले, बाकीच्यांचे पट बघत.

सहाव्यावर मी पुन्हा त्याच बंकरमध्ये होते. पोटात गोळा आला. सखल बाजूने शिरले, रेक उजव्या हाताला ठेवला. पहिला फटका काठाला लागून परत खाली. दुसऱ्याने बॉल बाहेर निघाला आणि झेंड्याच्या आठ पावलं पुढे जाऊन थांबला. नियमाने पाहिलं तर अजून मीच सर्वांत लांब होते. जुन्या पद्धतीत तिघं माझी वाट बघत उभे राहिले असते. विद्यार्थ्याने विचारलं, "मावशी, मी करू का?" मी म्हटलं, कर. त्याने झेंडा न काढता पट केला, पडला. मग ताईंनी केला. मी खड्डा भरला, पावलं पुसत मागे आले, रेक बाहेर ठेवला, पटर घेतला. ग्रीनवर पोचले तेव्हा काकांचाही पट झाला होता आणि फक्त माझा बाकी होता. माझ्या रेक करण्यापायी कुणाचा एक सेकंदही गेला नव्हता. नोव्हेंबरात सर काय म्हणत होते ते मला त्या क्षणी कळलं : काम तेवढंच असतं, ते कुणाच्या वेळात करायचं एवढंच शिकायचं असतं.

आठव्यावर पुढचा गट दिसायला लागला, अंतर एका शॉटचं. सर म्हणाले, नजर पुढे ठेवा. मागचे किती लांब आहेत यावर वेग ठरत नाही, पुढचे किती जवळ आहेत यावर ठरतो.

शेवटचा पट 9 वाजून 32 मिनिटांनी. 2 तास 12 मिनिटं, 61 फटके. म्हणजे खेळ जवळजवळ तेवढाच होता, दोनच फटके कमी. सरांनी दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली आणि हस्तांदोलन केलं. घरी जाताना आम्ही दोघांनी तर्री पोहे खाल्ले.

कार्ड 23 जानेवारीला मिळालं. वर्षभर चालतं. त्यासाठी पुन्हा एक फोटो लागतो, सोबत ठेवा. दोन परीक्षा, धडे, फॉर्म, काटा आणि कॅडी धरून माझे 13,000 च्या थोडे आत गेले. त्यातले 1,000 दुसऱ्या परीक्षेचे आणि बरेचसे डिसेंबरच्या कॅडीचे, जे आधीच नीट चौकशी केली असती तर वाचले असते.

सातव्या होलवरचा माझा नोव्हेंबरातला डिव्हॉट मी 14 डिसेंबरला भरला होता. थंडीत हरळी जवळजवळ थांबते, जानेवारीभर तिथे नुसती रेतीच दिसत होती आणि मी दर खेपेला थोडी थोडी भर घालत होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऊन तापायला लागलं. परवा पाहिलं तर डावीकडून दोन वेली रेतीवरून अर्ध्यापर्यंत आल्या आहेत. उजवीकडची अजून निघालेली नाही. माळीकाका म्हणतात, मार्चात पाणी बरोबर पडलं तर भरून येते.